पंचेचाळीस दिवसांची मुदत: थकलेले मोहिमेचे मानधन आणि बारामती-इंदापूरचे क्रिएटर

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ऊस, द्राक्ष आणि डाळिंब या पिकांभोवती खते, कीटकनाशके, ठिबक संच, रोपे आणि अवजारे विकणाऱ्या कंपन्यांची मोठी बाजारपेठ आहे, आणि या कंपन्या आपल्या मालाची जाहिरात करण्यासाठी आता गावातल्याच व्हिडिओ करणाऱ्या तरुणांकडे वळू लागल्या आहेत. यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर स्वतःचा प्रेक्षकवर्ग असलेल्या अशा व्यक्तीला व्यवहारात कंटेंट क्रिएटर किंवा नुसते क्रिएटर म्हणतात. ठरावीक काळात, ठरावीक मालासाठी, ठरलेल्या संख्येचे व्हिडिओ आणि रील देण्याच्या कामाला मोहीम किंवा कॅम्पेन म्हणतात. आणि त्या कामाचे पैसे, काय द्यायचे आणि केव्हा द्यायचे हे लिहिलेल्या कागदाला करार म्हणतात. पुष्कळदा काम वेळेवर होते, व्हिडिओ प्रसिद्ध होतो, शेतकरी तो पाहतात, कंपनीला चौकशीचे फोनही येऊ लागतात, आणि मानधन मात्र तीन-चार महिने येत नाही. विचारणा केली की बिल फायनान्सकडे गेले आहे, पुढच्या पेमेंट सायकलमध्ये निघेल, असे उत्तर मिळते.

या परिस्थितीत बहुतेक क्रिएटर स्वतःला दुबळे समजतात, कारण करार कंपनीने लिहिलेला असतो, कंपनीचे कार्यालय बेंगळुरू, मुंबई किंवा गुरुग्रामला असते, आणि वाद झाल्यास तो तिथल्याच न्यायालयात चालेल असे कराराच्या शेवटच्या पानावर छापलेले असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 या केंद्रीय कायद्याने लहान सेवापुरवठादाराला दोन गोष्टी दिल्या आहेत, ज्या करारातील छापील मजकुराने काढून घेता येत नाहीत: पैसे देण्याची कमाल मुदत, आणि आपल्या भागातील सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषदेपुढे दाद मागण्याचा हक्क. मात्र या दोन्ही गोष्टी क्रिएटरने काम सुरू होण्याआधी आणि काम संपल्याच्या दिवशी काय लिहून ठेवले यावर अवलंबून राहतात, म्हणून त्यांचे स्वरूप तपशिलाने समजून घेणे आवश्यक आहे.

विवेचनासाठी एक काल्पनिक पण व्यवहारात सहज घडणारे उदाहरण घेऊ. इंदापूर तालुक्यातील एक क्रिएटर डाळिंबाच्या बहार व्यवस्थापनावर व्हिडिओ करतो. बेंगळुरूच्या एका विद्राव्य खत कंपनीची मोहीम मुंबईच्या एका जाहिरात संस्थेमार्फत त्याच्याकडे येते. करार क्रिएटर आणि ती जाहिरात संस्था, म्हणजे एजन्सी, यांच्यात होतो. एक सविस्तर यूट्यूब व्हिडिओ आणि दोन रील, एकूण मानधन 60,000 रुपये, आणि बिल मिळाल्यापासून 60 दिवसांत पैसे, अशी अट असते. शेवटची रील 10 जून 2024 रोजी प्रसिद्ध होते; त्याच दिवशी क्रिएटर तिचा दुवा, प्रसिद्धीचा स्क्रीनशॉट आणि बिल ईमेलने पाठवतो. त्यानंतर एजन्सीकडून कामाबद्दल कोणतीही लेखी तक्रार येत नाही, आणि पैसेही येत नाहीत.

या उदाहरणात पहिला प्रश्न पैसे कोणाकडे मागायचे हा आहे, आणि त्याचे उत्तर चुकले तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. क्रिएटरच्या डोळ्यांसमोर खत कंपनीचे नाव असते, व्हिडिओत तिचाच डबा दिसतो, पण करारावर सही एजन्सीची आहे. भारतीय करार कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वानुसार कराराखालील पैसे करारातील पक्षाकडूनच मागता येतात. त्यामुळे कायदेशीर मागणी एजन्सीच्या नावे करावी लागते. कंपनीला त्या पत्राची प्रत पाठवणे मात्र फार उपयोगी ठरते, कारण एजन्सीने कंपनीकडून पैसे आधीच घेतले असतील तर ती गोष्ट त्या एका ईमेलने उघड होते, आणि कोणत्याही ब्रँडला आपल्या मोहिमेतला स्थानिक चेहरा पैशांसाठी ताटकळलेला आवडत नाही. करारात पक्षकार म्हणून नेमके कोणाचे नाव आहे, ती नोंदणीकृत कंपनी आहे, भागीदारी आहे की एका व्यक्तीचा धंदा आहे, आणि तिचा जीएसटी क्रमांक कोणता, हे सही करण्यापूर्वीच पाहून ठेवावे. पुष्कळ करारांत कंपनीचे कायदेशीर नाव नसतेच, फक्त मालाचे बाजारातले नाव असते, आणि अशा नावावर कोणतीही नोटीस बजावता येत नाही.

एजन्सींच्या करारांत आणखी एक वाक्य वारंवार आढळते: मूळ कंपनीकडून रक्कम प्राप्त झाल्यानंतर क्रिएटरला पैसे दिले जातील. या वाक्याने कंपनीच्या दिरंगाईचा सगळा भार साखळीतल्या सर्वांत लहान माणसावर टाकलेला असतो. 2006 च्या कायद्याच्या कलम 15 नुसार लेखी करारात पैसे देण्याची तारीख ठरलेली असली तरी ती सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून 45 दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. करारात तारीखच नसेल तर ही मुदत 15 दिवसांची होते. कलम 24 प्रमाणे या तरतुदी इतर कायद्यांतील विसंगत मजकुरावर मात करतात. म्हणजे उदाहरणातील 60 दिवसांची अट 45 दिवसांवर येते, आणि वरून पैसे आल्यावरच खाली देऊ या अटीच्या आधारे ही मर्यादा ओलांडता येत नाही.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यासाठी ऊस नियंत्रण आदेश, 1966 मध्ये अशीच तरतूद आहे: ऊस मिळाल्यापासून 14 दिवसांत पैसे, आणि उशीर झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याज. दोन्ही ठिकाणी कायद्याने एकच गोष्ट ओळखली आहे, की माल किंवा काम एकदा हातातून गेले की विकणाऱ्याच्या हाती दबावाचे साधन उरत नाही, आणि म्हणून मुदत व व्याज या दोन गोष्टी कराराच्या मर्जीवर सोडून चालत नाही. फरक असा, की उसाच्या वजनाची पावती काट्यावर आपोआप मिळते, तर व्हिडिओ कोणत्या दिवशी दिला याची पावती क्रिएटरला स्वतः तयार करावी लागते.

हा दिवस फार महत्त्वाचा आहे, कारण 45 दिवसांची मोजणी तिथून सुरू होते. कायद्याच्या भाषेत त्याला स्वीकृतीचा दिवस म्हणतात. सेवा प्रत्यक्ष दिल्याचा दिवस तोच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. मात्र त्यानंतर 15 दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर झाल्याचा दिवस धरावा लागतो. 15 दिवसांत लेखी हरकत आलीच नाही, तर सेवा दिल्याच्या दिवशीच स्वीकृती झाली असे कायदा मानतो. उदाहरणात शेवटचे काम 10 जूनला दिले गेले आणि 25 जूनपर्यंत कोणतीही हरकत आली नाही. म्हणून 10 जूनपासून 45 दिवस मोजले की 25 जुलै 2024 ही शेवटची तारीख येते, आणि 26 जुलैपासून रक्कम थकीत ठरते.

वाद बहुधा याच जागी उभा राहतो. पैसे मागितल्यावर एजन्सी सांगते, की रीलमध्ये बोधचिन्ह लहान दिसत होते, अपेक्षेइतके व्ह्यूज आले नाहीत, किंवा जाहिरातीची खूण नीट लावली नव्हती. यांपैकी शेवटचा मुद्दा खरा असू शकतो. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेने 2021 मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओवर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट दिसले पाहिजे, आणि ते दिसत नसेल तर कंपनीची हरकत रास्त ठरते. व्ह्यूजचा मुद्दा मात्र करारात किमान व्ह्यूजची हमी लिहिलेली असेल तरच टिकतो. प्रेक्षकांची संख्या ही क्रिएटरच्या हातातली गोष्ट नाही, आणि अशी हमी देणारे कलम सहीपूर्वी काढून टाकणे शहाणपणाचे असते. कोणत्याही हरकतीबाबत पाहण्याची मुख्य गोष्ट तिची तारीख ही होय. ती 15 दिवसांच्या आत लेखी आली का, की पैसे मागितल्यानंतर प्रथमच सुचली? फोनवर बोललेली तक्रार लेखी हरकत ठरत नाही. व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलवर आलेली मात्र ठरू शकते, कारण माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी मजकुराचा दर्जा देतो. म्हणून एखादा छोटा बदल करून द्या असा निरोप आला, की तो बदल करून त्याच धाग्यावर, बदल अमुक तारखेला पूर्ण केला असून काही उर्वरित हरकत असल्यास कळवावी, असे उत्तर लिहून ठेवणे आवश्यक असते. तसे केले नाही, तर तो निरोप पुढे कधीच न मिटलेली हरकत म्हणून दाखवला जातो.

आता व्याजाकडे वळता येईल. कलम 16 प्रमाणे थकीत रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. बँक रेट म्हणजे बातम्यांत सतत येणारा रेपो दर नव्हे. तो रिझर्व्ह बँक वेगळा जाहीर करते आणि तो रेपोपेक्षा किंचित जास्त असतो. फेब्रुवारी 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात रेपो दर 6.50 टक्के आणि बँक रेट 6.75 टक्के होता. त्याची तिप्पट म्हणजे वार्षिक 20.25 टक्के, आणि महिन्याला 1.6875 टक्के. उदाहरणातील 60,000 रुपये 26 जुलै 2024 पासून 25 जानेवारी 2025 पर्यंत सहा महिने थकले, तर येणे रक्कम 66,337 रुपये होते, म्हणजे व्याज 6,337 रुपये. बँक रेट बदलला की त्या तारखेपासून पुढचा हिशेब नव्या दराने करावा लागतो. सगळ्या काळाला एकच दर लावलेला तक्ता समोरचा वकील पहिल्याच भेटीत खोडून काढतो.

या हिशेबात टीडीएसची, म्हणजे पैसे देण्यापूर्वी उगमस्थानी कापलेल्या आयकराची, नोंद विसरून चालत नाही, आणि तीच नोंद क्रिएटरच्या बाजूचा एक मूक साक्षीदारही ठरते. व्यावसायिक सेवेच्या मानधनावर साधारणपणे 10 टक्के कर कापला जातो, आणि तो पैसे देताना किंवा रक्कम हिशेबवहीत जमा दाखवताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कापावा लागतो. त्यामुळे एजन्सीने जूनमध्ये बिल वहीत घेतले असेल, तर पैसे न देताही तिने 6,000 रुपयांचा कर भरलेला असू शकतो, आणि तो क्रिएटरच्या पॅनखाली फॉर्म 26एएस या आयकर विवरणपत्रकात दिसतो. फॉर्ममध्ये ही नोंद दिसली, तर बिल मिळालेच नाही किंवा काम मंजूरच नव्हते असे म्हणणे एजन्सीला अवघड जाते, कारण तिने स्वतःच सरकारकडे या व्यवहाराची नोंद केलेली असते. एकट्या टीडीएसच्या नोंदीने देणे सिद्ध होत नाही, पण करार आणि ईमेल यांच्या जोडीला ती भक्कम पुरावा ठरते. अशा वेळी मूळ मागणी 54,000 रुपयांची करावी आणि व्याजही त्यावरच लावावे. सहा महिन्यांचे ते व्याज 5,703 रुपये होते.

आयकराचा दुसरा धागा थेट एजन्सीच्या खिशाशी जोडलेला आहे. वित्त अधिनियम, 2023 ने 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 43बी मध्ये (एच) हे उपकलम जोडले, आणि ते 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला कलम 15 च्या मुदतीत न दिलेली रक्कम, ती ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून वजा करता येते. उदाहरणातील एजन्सीने 60,000 रुपये डिसेंबर 2024 मध्ये दिले असते, तर उशीर झाला असला तरी वर्ष तेच असल्याने तिची वजावट बुडाली नसती. 31 मार्च 2025 पर्यंत दिले नाहीत, तर मात्र त्या वर्षाच्या उत्पन्नातून हा खर्च वजा होत नाही, आणि सुमारे 25 टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीला त्यापोटी सुमारे 15,000 रुपये जास्त कर त्या वर्षी भरावा लागतो. म्हणून हा मुद्दा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तोही मोहिमेच्या व्यवस्थापकाऐवजी लेखा विभागाला लिहिला, तर विशेष परिणाम करतो; मोहिमेचा व्यवस्थापक बहुधा या तरतुदीशी संबंधितच नसतो.

हे सगळे हक्क ज्या एका गोष्टीवर उभे आहेत ती म्हणजे उद्यम नोंदणी. ती udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर आधार व पॅनच्या आधारे, कोणतेही शुल्क न देता होते. शुल्क मागणारी सारखी दिसणारी संकेतस्थळे खासगी दलालांची असतात. बारामती-इंदापूरच्या संदर्भात येथे एक खास अडचण संभवते. शेतीविषयक व्हिडिओ करणाऱ्या तरुणाचे किंवा त्याच्या वडिलांचे कृषी सेवा केंद्र असते आणि त्या दुकानाची उद्यम नोंदणी आधीच झालेली असते. परंतु किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी मिळाली ती केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जासाठी. थकबाकीच्या व्याजाचा लाभ त्यांना नाही. म्हणून दुकानाच्या नोंदणीचा क्रमांक बिलावर छापून भागत नाही. ज्या नावाने करार झाला त्याच नावाची, आणि जाहिरात किंवा व्हिडिओ निर्मिती ही सेवा म्हणून दाखवलेली नोंदणी लागते. उद्योगांच्या राष्ट्रीय वर्गीकरणात जाहिरातीचा संकेतांक 73100 आहे.

नोंदणीची तारीखही तितकीच निर्णायक ठरू शकते. गुजरात राज्य नागरी पुरवठा महामंडळ विरुद्ध महाकाली फूड्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2022 रोजी दिलेल्या निकालाचा अर्थ असा होता, की काम झाल्यानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या कामाला मिळत नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने एनबीसीसीच्या प्रकरणात वेगळे मत व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. कायद्याच्या अभ्यासकाला हा मतभेद रंजक वाटेल, पण क्रिएटरने त्यावर आपले मानधन पणाला लावू नये: नोंदणी करारावर सही करण्यापूर्वी व्हावी, आणि तिचा क्रमांक करारात, व्हेंडर नोंदणीच्या अर्जात आणि प्रत्येक बिलावर लिहावा.

मागणीपत्र लिहिताना भाषेपेक्षा क्रम महत्त्वाचा असतो. नाराजी, उपकार आणि पुढच्या मोहिमेची आशा यांचे मिश्रण असलेला लांब निरोप लेखा विभागात कोणीही वाचत नाही. पत्रात आधी कराराची तारीख आणि मानधनाचे कलम, मग प्रत्येक कामाची प्रसिद्धीची तारीख व दुवा, मग बिलाचा क्रमांक व ते पाठवल्याची तारीख, मग 15 दिवसांत लेखी हरकत आली नसल्याचे विधान, आणि शेवटी रक्कम, व्याज व बँक खाते, असा मजकूर असावा. मुख्य वाक्य साधारण असे असू शकते: “दि. 10 जून 2024 रोजी पूर्ण झालेल्या सेवेचे 60,000 रुपये अधिनियमाच्या कलम 15 नुसार दि. 25 जुलै 2024 पर्यंत देय होते. ती रक्कम अद्याप जमा झालेली नसल्याने कलम 16 नुसार दि. 26 जुलै 2024 पासूनच्या व्याजासह ती या पत्राच्या तारखेपासून सात दिवसांत जमा करण्यात यावी.” हे पत्र करारात दिलेल्या ईमेलवर आणि एजन्सीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने, अशा दोन्ही मार्गांनी पाठवावे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली की तिच्याशी झालेले संभाषण कंपनीला माहीतच नसते.

या टप्प्यावर रागाच्या भरात दोन चुका होतात. पहिली म्हणजे व्हिडिओ काढून टाकणे. बहुतेक करारांत तो ठरावीक काळ, कधी वर्षभर, ठेवण्याची अट असते. तो काढला की क्रिएटरच करार मोडणारा ठरतो आणि एजन्सीला नुकसानभरपाईचा उलट दावा करता येतो. दुसरी म्हणजे पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू होता हे दाखवावे लागते. काम करून घेऊन नंतर पैसे लांबवणे हा बहुतांशी दिवाणी वाद मानला जातो, आणि पोलीस तो तसाच परत पाठवतात. यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

पत्राला उत्तर आले नाही, तर कलम 18 खालील दाद मागता येते. प्रत्येक राज्यात सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषदा आहेत; उद्योग संचालनालयाचा अधिकारी त्यांचा अध्यक्ष असतो, आणि महाराष्ट्रात त्या विभागवार असून पुणे विभागासाठी परिषद पुण्यात आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो; त्यासाठी samadhaan.msme.gov.in हे पोर्टल ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झाले. अर्जाला करार, बिले, काम दिल्याचे पुरावे, मागणीपत्र आणि उद्यम प्रमाणपत्र जोडावे लागते. येथे कलम 18 मधील एक छोटी तरतूद क्रिएटरच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरते: पुरवठादार ज्या परिषदेच्या क्षेत्रात आहे तिला, खरेदीदार भारतात कोठेही असला तरी, प्रकरण चालवण्याचा अधिकार आहे. मुंबईची एजन्सी असो की बेंगळुरूची कंपनी, तिला पुण्याच्या परिषदेपुढे यावे लागते. करारात बेंगळुरूला लवाद नेमण्याचे कलम असले तरी त्याने परिषदेचा अधिकार संपत नाही, हेही महाकाली फूड्सच्या निकालाने स्पष्ट केले आहे. इंदापूरच्या माणसासाठी बेंगळुरूचे न्यायालय आणि पुण्याची परिषद यांतील अंतर म्हणजे दाद मागणे आणि ती सोडून देणे यांतील अंतर असते.

परिषद आधी समेटाचा प्रयत्न करते. तो फसला तर स्वतः लवाद म्हणून निर्णय देते किंवा एखाद्या लवाद संस्थेकडे प्रकरण पाठवते. कायद्यात यासाठी 90 दिवसांची मुदत लिहिलेली आहे, पण प्रत्यक्षात ती अनेकदा ओलांडली जाते, आणि हे आधीच गृहीत धरलेले बरे. निर्णय क्रिएटरच्या बाजूने लागला आणि एजन्सीला त्याविरुद्ध न्यायालयात जायचे असेल, तर कलम 19 प्रमाणे तिला आधी रकमेच्या 75 टक्के भाग जमा करावा लागतो. तरीही निवाड्याची अंमलबजावणी न्यायालयामार्फतच, आणि बहुधा एजन्सीची मालमत्ता जिथे आहे तिथे करावी लागते. एजन्सीच बुडाली असेल तर निवाड्याचा कागद पैसे निर्माण करू शकत नाही. मोहीम घेताना निम्मे मानधन सहीच्या वेळीच मागण्याची पद्धत म्हणूनच योग्य आहे.

उद्यम नोंदणी नसलेल्या क्रिएटरला बारामती किंवा इंदापूरच्या दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. लेखी करारातील ठरावीक रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली संक्षिप्त दावा करता येतो, ज्यात प्रतिवादीला बचाव मांडण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. करारात दुसऱ्या शहराच्या न्यायालयाचेच अधिकारक्षेत्र मान्य केलेले असेल, तर मात्र हा दावा येथे टिकण्याची शक्यता कमी असते. दावा दाखल करण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते; त्याला न्यायालयीन शुल्क लागत नाही, पण समोरचा पक्ष आला नाही किंवा तयार झाला नाही तर तिथे काहीही ठरत नाही. दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅप व ईमेल पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे फोन बदलताना ती संभाषणे नष्ट होऊ देऊ नयेत.

परिषदेतील पुष्कळ प्रकरणे समेटाच्या टप्प्यावरच मिटण्यासारखी असतात, कारण एजन्सीला व्याज टाळायचे असते आणि क्रिएटरला मूळ रक्कम लवकर हवी असते. व्याज सोडून देण्यात कमीपणा नाही, पण ते कशाच्या बदल्यात सोडले हे कागदावर आले पाहिजे. समेटाच्या मसुद्यात रक्कम, ती कोणत्या खात्यात व कोणत्या तारखेला जमा होईल, टीडीएस कापला असल्यास त्याचे प्रमाणपत्र केव्हा मिळेल, आणि त्या तारखेला पैसे न आल्यास सोडलेले व्याज 26 जुलै 2024 पासून पुन्हा लागू होईल, ही चार वाक्ये असावीत. दोन्ही बाजूंनी सही केलेल्या अशा समेटाला लवादाच्या निवाड्याइतकाच दर्जा मिळतो, आणि पैसे खात्यात आल्यानंतरच पोर्टलवरील प्रकरण मागे घ्यावे. केवळ पैसे पाठवत आहोत या ईमेलवर विसंबून ते आधी मागे घेतले, तर नव्याने अर्ज करून पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.